रोपवे अंबाजीपर्यंत, पादुका त्याच्या पुढे

वाचकाचं पत्र

आई ७४ वर्षांची आहे. गिरनारला जाऊन दत्तपादुकांचं दर्शन घ्यायचं, असं ती दोन वर्षं म्हणते आहे. बीपीची गोळी चालू आहे, उजवा गुडघा दुखतो, पण घरातलं सगळं ती करते. माझं म्हणणं, आता रोपवे झाला आहे, तर काळजी कशाला? भाऊ म्हणतो, रोपवेने गेलं तर ती यात्रा कसली, रात्री निघू आणि थांबत थांबत पायऱ्यांनी नेऊ. आईला विचारलं तर म्हणते, तुम्ही ठरवाल तसं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जायचं घाटतंय. काय करावं?

उत्तर

तुमच्या भावाचं म्हणणं बाजूला ठेवून मी आधी तुमच्याकडे वळते, कारण त्याला निदान पायऱ्या आहेत हे माहीत आहे. रोपवे झाला म्हणजे गिरनार सोपा झाला, असं तुम्हाला वाटतंय. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं.

गिरनारचा रोपवे २४ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला. भवनाथ तळेटीतून निघून सुमारे सव्वादोन किलोमीटरचं अंतर तो सात-आठ मिनिटांत पार करतो आणि तुम्हाला अंबाजीच्या टुकावर, म्हणजे शिखरावर सोडतो. तळेटीपासून अंबाजीपर्यंत साधारण पाच हजार पायऱ्या आहेत, त्या वाचतात. पण दत्तपादुका अंबाजीला नाहीत. त्या पुढच्या शिखरावर आहेत आणि तिथे पोचायला अंबाजीपासून आणखी जवळपास तेवढ्याच पायऱ्या आहेत. ‘गिरनारच्या दहा हजार पायऱ्या’ म्हणतात, त्यातला हा उरलेला अर्धा भाग. रोपवेने आलेल्या माणसालाही तो पायीच करावा लागतो, नाहीतर डोलीने.

वणीच्या सप्तशृंगीला पायऱ्या पाचेकशे, आणि तिथली ट्रॉली तुम्हाला देवीच्या मंदिराजवळ नेऊन पोचवते. तिथे ‘ट्रॉली की पायऱ्या’ हा प्रश्न खरोखर दोनांतून एक निवडण्याचा आहे. पावागडला रोपवेतून उतरल्यावरही पायऱ्या उरतात, पण त्या शेकड्यांत मोजण्याइतक्या. गिरनारला उरतात त्या हजारांत. म्हणून कुठल्याही डोंगरावरच्या देवाला वडीलधाऱ्यांना न्यायचं असेल, तर ‘रोपवे आहे का?’ एवढं विचारून भागत नाही. तो कुठे सोडतो आणि तिथून पुढे किती पायऱ्या, हे विचारायला हवं.

आता त्या उरलेल्या पायऱ्यांबद्दल सांगते, कारण आकड्यापेक्षा त्यांची ठेवण महत्त्वाची आहे. अंबाजीहून दत्तशिखराकडे जाताना वाट सलग वर जात नाही. आधी थोडी उतरते, मग गोरक्षनाथाच्या टुकावर चढते. हे गिरनारचं सर्वांत उंच टोक, १,११७ मीटर. तिथून वाट खूप खाली उतरते, अगदी कमंडलू कुंडाच्या फाट्यापर्यंत. आणि त्या फाट्यापासून दत्तशिखराचा उभा चढ सुरू होतो. म्हणजे जाताना जे उतरलात, ते सगळं परतताना चढायचं आहे. इतर गडांवर आपण म्हणतो, ‘दर्शन झालं, आता फक्त उतरायचं.’ इथे तसं नाही. पादुकांवर डोकं ठेवून झाल्यावर, पाय थकलेले असताना, गोरक्षनाथाचा मोठा चढ समोर उभा असतो.

माझ्या मावशीला मी याच वाटेने नेलं होतं. तेव्हा ती अडुसष्टची, रोज सकाळी तासभर चालणारी. रोपवेने वर गेलो, गोरक्षनाथापर्यंत ती माझ्या पुढे होती. तिथून उतरताना म्हणाली, ‘हे तर सोपं आहे गं.’ मीही मान डोलावली. दर्शन छान झालं. परतीच्या चढावर पंचवीस-तीस पायऱ्यांतच ती थांबली आणि कठड्याला धरून उभी राहिली. दम लागला नव्हता. मांड्या थरथरत होत्या, साडीच्या निऱ्या हलताना दिसत होत्या इतक्या. बसली, पाणी प्यायली, उठली, पुन्हा दहा पायऱ्यांवर तेच. शेवटी येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारत विचारत डोली मिळवली आणि अंबाजीपर्यंत आणलं. चूक माझी होती. तिला चढता येतं का, एवढंच मी पाहिलं होतं. उतरून पुन्हा चढता येतं का, हे पाहिलंच नव्हतं.

उतार दमवत नाही, म्हणून तो फसवतो. उतरताना प्रत्येक पायरीवर अख्ख्या शरीराचा भार मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच झेलतो, ब्रेक लावल्यासारखा. छातीला काही जाणवत नाही, पण स्नायू आतून थकत जातो आणि वाटीमागच्या सांध्यावर दाब वाढत जातो. ज्यांचा गुडघा दुखतो, ते चढण्यापेक्षा उतरताना जास्त कुरकुरतात, ते यामुळेच. आईंना एकदा विचारून बघा, जिना चढताना जास्त दुखतं की उतरताना. ‘उतरताना’ असं उत्तर आलं, तर भावाचा ‘थांबत थांबत’वाला उपाय तिथेच संपला. थांबल्याने दम परत येतो, पण थकलेली मांडी पाच मिनिटांत ताजी होत नाही, आणि संपूर्ण पायी गेलात तर शेवटी अंबाजीपासून तळेटीपर्यंतच्या पाच हजार पायऱ्या उतरायच्याच असतात.

तरी भावाच्या म्हणण्यात एक गोष्ट शहाणपणाची आहे, ती म्हणजे रात्री निघणं. पायी जाणारे दत्तभक्त मध्यरात्रीच्या आसपास चढायला लागतात, म्हणजे पहाटे दर्शन होतं आणि ऊन लागत नाही. रोपवे मात्र सकाळी सुरू होतो. त्यामुळे रोपवेने गेलेल्यांचा अंबाजी ते दत्तशिखर हा टप्पा नेमका उन्हात येतो, आणि त्या वाटेवर बराच भाग उघडा आहे. पाच हजार पायऱ्या वाचल्या तरी सावलीची, गारव्याची वेळ हातची जाते.

आता हिशेब करू. त्यासाठी आईंची घरीच एक चाचणी घ्या. इमारतीच्या जिन्यावर त्यांच्या चालीने वीस मिनिटं चढ-उतार करू द्या. थांबायचं तेव्हा थांबू द्या, फक्त घड्याळ थांबवू नका. वर-खाली मिळून किती पायऱ्या झाल्या, ते मोजा. समजा चारशे झाल्या, म्हणजे मिनिटाला वीस. चौऱ्याहत्तरच्या वयाला हा वेग चांगलाच आहे. पण या वेगाने पाच हजार पायऱ्यांना अडीचशे मिनिटं लागतात, म्हणजे चार तासांहून जास्त, तेही वेग शेवटपर्यंत टिकला तर. सकाळी नऊला अंबाजीहून निघालात, तर एक वाजून गेल्यावर दत्तशिखर. दर्शनाच्या रांगेला आणि टेकायला तास धरा. दोनला परत फिरलात, तर अंबाजीला पोचेपर्यंत सहा वाजून जातात. हिवाळ्यात तेव्हा अंधार पडत आलेला असतो आणि खाली जाणारा रोपवे मिळेलच असं धरून चालता येत नाही. तो चुकला, तर खाली पाच हजार पायऱ्या. धडधाकट माणूस अंबाजी ते दत्तशिखर दोन-अडीच तासांत जातो, म्हणून त्याला हा हिशेब करावा लागत नाही. आईंच्या बाबतीत गुडघा एकदम ठीक आहे असं धरलं, तरी घड्याळ साथ देत नाही.

ही चाचणी एक दिवस करून थांबू नका. एक दिवस सोडून, अशी तीनदा करा आणि दोन गोष्टी बघा. पहिली, चढता चढता त्या एक पूर्ण वाक्य बोलू शकतात का. ‘आज भाजीत मीठ जरा जास्त झालं होतं’ एवढं जरी न तुटता म्हणता आलं, तरी श्रम झेपताहेत. दोन-दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागला, तर नाही. इथे नाडी मोजत बसू नका. बीपीच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल, हृदयाची गती फारशी वाढू देत नाहीत, त्यामुळे माणूस दमला तरी नाडी संथच दाखवते. दुसरी गोष्ट, दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठतानाचा गुडघा बघा. सूज आली किंवा पहिली चार पावलं लंगडत टाकली, तर चारशे पायऱ्याही त्याला जास्त झाल्या, हे ओळखा. जिना चढताना छातीत दडपण, चक्कर किंवा डाव्या हातात-जबड्यात कळ येत असेल, तर चाचणी तिथेच सोडून डॉक्टरांकडे जा. मग विषय गिरनारचा राहत नाही.

डॉक्टरांकडे तसंही एकदा जाऊन या. मात्र ‘गिरनारला जाऊ का?’ असं विचारलंत तर ‘काळजी घेऊन जा’ एवढंच ऐकून परत याल. पायऱ्यांचा आकडा सांगा, चाचणीत काय दिसलं ते सांगा. गोळ्यांबद्दल मुद्दाम विचारा. लघवीची गोळी चालू असेल, तर वाटेत अडचण होईल म्हणून माणसं ती परस्पर टाळतात किंवा पाणीच पीत नाहीत, आणि उन्हात चक्कर येते. मधुमेह असेल, तर आणखी एक विषय निघतो. आपल्याकडची वडीलधारी मंडळी दर्शन होईपर्यंत काही खात नाहीत. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी हा चढ केला, तर साखर झपकन खाली येते. ‘आई, दर्शन होईपर्यंत निदान राजगिऱ्याचा लाडू तरी’ ही बोलणी वर जाऊन नव्हे, निघण्याआधी घरीच करून घ्या.

तर मग काय करायचं? माझं मत स्पष्ट आहे. जाताना रोपवे, अंबाजीपासून दत्तशिखर आणि परत अंबाजीपर्यंत डोली, उतरताना पुन्हा रोपवे. आईंना पादुकांपर्यंत पोचायचं असेल, तर मला हीच वाट दिसते. डोलीत पाच हजार पायऱ्यांचा भार गुडघ्यावर येत नाही, आणि वेळेचा हिशेबही बसतो.

डोलीबद्दल आधी माहिती असलेली बरी. भाडं माणसाच्या वजनावर आणि टप्प्यावर ठरतं, खरोखर काट्यावर वजन करतात. आईंना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर चारचौघांत काट्यावर उभं राहायला बायका संकोचतात. ठरवताना ‘अंबाजी ते दत्तशिखर आणि परत अंबाजी’ असं पूर्ण वाक्य बोला आणि ‘वर थांबायचा वेळ धरून’ हेही त्यातच घाला. शेवटच्या उभ्या पायऱ्यांवर डोली नेमकी कुठपर्यंत जाते, ते तिथल्या तिथे विचारा. तेवढ्या पायऱ्या आईंना हात धरून चढाव्या लागतील, असं गृहीत धरा. पाय लोंबकळत राहतात, झोके बसतात, उतारावर पुढे कलल्यासारखं वाटतं, तेव्हा काही मंडळी घाबरतात. कमरेला शाल किंवा उपरणं बांधून घेतलं की बरं वाटतं. वर वारा असतो, कान झाकायला काहीतरी हवंच.

‘दुसऱ्याच्या खांद्यावरून जाऊन कसलं पुण्य?’ हे भाऊ म्हणेल, आणि कदाचित आईही म्हणतील. हे वाक्य हलक्यात काढण्याजोगं नाही. पण त्याआधी आईंना एक प्रश्न नीट, एकांतात बसून विचारा. ‘तुम्ही ठरवाल तसं’ हे उत्तर समजू नका, ते मुलांना अडचण नको म्हणून दिलेलं असतं. त्यांना पादुकांवर डोकं ठेवायचं आहे, की पायऱ्या चढायच्या आहेत? या दोन वेगळ्या इच्छा आहेत, आणि घरात आपण त्या एकच धरून भांडत बसतो. पादुका हव्या असतील, तर वर सांगितलेली वाट. पायऱ्यांचीच ओढ असेल, तर तळेटीला पहिल्या पायरीला हात लावून, झेपतील तेवढ्या पन्नास-शंभर पायऱ्या चढवा, उतरवा, आणि मग रोपवेकडे न्या. मावशीच्या वेळी हे मला सुचलं असतं, तर बरं झालं असतं. ती नंतर बराच काळ म्हणत राहिली, ‘पहिल्या पायरीला नमस्कार राहिलाच.’

डोली नकोच, चालायचंच, असं आईंनी ठामपणे सांगितलं आणि चाचणीही बरी गेली, तर गोरक्षनाथाच्या टुकापर्यंत चालत न्या आणि तिथे थांबा. ‘पुढे जायचं का’ हे ठरवायची जागा तीच आहे, खालचा फाटा नव्हे. गोरक्षनाथावरून पुढचा मोठा उतार उतरलात, की परतीचा चढ गळ्यात पडलाच. टुकावरून दत्तशिखर समोर दिसतं. तिथून हात जोडून परत फिरण्यात काहीही कमी नाही. पण हे आईंना निघण्याआधी सांगितलेलं असलं पाहिजे. तिथे पोचल्यावर समोर शिखर दिसत असताना ‘आता परत’ म्हणालात, तर त्या ऐकणार नाहीत. कमंडलू कुंडाचा फाटा मात्र या खेपेला सोडा. तिथली धुनी आणि प्रसाद यांची ओढ मला कळते, पण त्यासाठी उतरलेल्या पायऱ्याही पुन्हा चढाव्या लागतात. भाऊ जाऊन आईंसाठी प्रसाद घेऊन येऊ शकतो.

चालणार असतील, तर तळेटीला बांबूची काठी घ्या, आणि पाऊल कसं टाकायचं ते जिन्यावर आधीच सवयीचं करा. चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली. आईंचा उजवा गुडघा दुखतो, म्हणजे चढताना डावा आधी, उतरताना उजवा आधी, आणि काठी डाव्या हातात. तुम्ही उतरताना त्यांच्या एक पायरी खाली राहा, मागे नको.

रोपवेचंही थोडं सांगते. केबिन आठ जणांची असते आणि स्थानकात ती पूर्ण थांबत नाही, हळूहळू सरकत राहते, तेवढ्यात आत बसायचं असतं. गुडघेदुखीच्या माणसाला तेवढंही अवघड जातं. दारापाशी असलेल्या कर्मचाऱ्याला आधीच सांगा, आधी तुम्ही आत शिरा आणि मग आतून आईंचा हात धरा. वारा जोराचा सुटला की रोपवे बंद ठेवतात. ते योग्यच आहे, पण त्यासाठी तुमच्याकडे मोकळा वेळ हवा. म्हणून सकाळच्या पहिल्या फेऱ्यांतच वर जा, दुपारी लवकर अंबाजीला परत या, आणि जुनागढला एक रात्र जास्तीची धरा. वर जायच्या दिवशी सकाळी वारा असेल, तर दर्शन दुसऱ्या दिवसावर टाकता आलं पाहिजे. परतीची गाडी त्याच संध्याकाळची काढली, की माणूस नको ते धाडस करतो.

म्हणूनच डिसेंबरचा शेवटचा आठवडा मला पटत नाही. नाताळच्या सुट्ट्यांत रोपवेच्या रांगेत तास-तास उभं राहावं लागतं, आणि चौऱ्याहत्तरच्या गुडघ्याला उभं राहणं चालण्याइतकंच जड जातं. त्याच महिन्यात बहुतेकदा दत्तजयंतीही येते. हवा जानेवारीतही गारच असते. संक्रांत उलटल्यावर, आठवड्याच्या मधले दिवस बघा, शनिवार-रविवार आणि पौर्णिमा टाळून. फेब्रुवारीवर टाकलंत, तर महाशिवरात्रीची भवनाथची जत्रा कधी आहे ते पाहून ठरवा, तेव्हा तळेटीत पाय ठेवायला जागा नसते.

तोवर हातात काही आठवडे मिळतात. आईंना खुर्चीवरून हात न टेकता उठायला आणि सावकाश बसायला सांगा, सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा, गुडघा दुखला तर कमी. बसताना जितकं सावकाश, तितका त्या मांडीच्या स्नायूला उतरायचा सराव होतो. डोलीने गेलात तरी शेवटच्या पायऱ्यांना तो उपयोगी पडेल.